टीसीएल किती टाकावे? सामू आणि ब्रेकपॉइंटचा हिशेब

टीसीएल पावडर पाण्यात कालवली की तिच्यातल्या कॅल्शियम हायपोक्लोराइटपासून दोन पदार्थ तयार होतात. एक चुना, जो बादलीच्या तळाशी बसतो. दुसरे हायपोक्लोरस आम्ल, ज्याचे सूत्र HOCl. मोठ्या शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत सिलिंडरमधला क्लोरीन वायू पाण्यात सोडतात, तर काही योजनांवर सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण थेंबाथेंबाने मिसळतात. मार्ग कोणताही असो, जंतू मारण्याचे काम मुख्यतः हायपोक्लोरस आम्लच करते. वायूमुळे पाणी किंचित आम्लाकडे झुकते आणि पावडरीमुळे किंचित अल्काकडे, एवढाच फरक. पुरेशी क्षारता असलेल्या पाण्यात हा फरक किरकोळ असतो. पाणी मुळातच अल्कधर्मी असेल तर मात्र पावडर नेमकी नको त्या दिशेने भर घालते.

हायपोक्लोरस आम्लाच्या रेणूवर विद्युतभार नसतो आणि तो आकाराने लहान असतो. त्यामुळे जिवाणूच्या आवरणातून तो सहज आत शिरतो आणि आतल्या विकरांचे ऑक्सिडीकरण करून त्यांना निकामी करतो. पण हे आम्ल दुर्बल आहे. पाण्यात त्याचा काही भाग हायड्रोजन आयन सोडून देतो आणि मागे हायपोक्लोराइट आयन, म्हणजे OCl⁻, उरतो. हा आयन ऋणभारित आणि जिवाणूचा पृष्ठभागही ऋणभारित, त्यामुळे दोघांची जवळीक होत नाही. आतड्यांतल्या जिवाणूंवर या आयनाचा मारा हायपोक्लोरस आम्लाच्या साधारण ऐंशी ते शंभरपट कमी पडतो, असे मानले जाते. एकाच पावडरीतून आलेल्या या दोन रूपांपैकी पाण्यात कोणते किती असेल, हे ठरवतो तो पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच.

सामूचे गणित

सामू साडेसातच्या आसपास असला की दोन्ही रूपे जवळपास निम्मी-निम्मी असतात. या बिंदूच्या दोन्ही बाजूंना प्रमाण झपाट्याने बदलते. पंचवीस अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात सामू 7 असताना मुक्त क्लोरीनपैकी सुमारे 78 टक्के हायपोक्लोरस आम्ल असते. सामू 8 झाला की ते 26 टक्क्यांवर येते, आणि 8.5 ला जेमतेम 10 टक्के उरते. भारतीय मानक IS 10500 पिण्याच्या पाण्यासाठी 6.5 ते 8.5 हा सामू स्वीकारते. म्हणजे पिण्यायोग्य ठरलेल्या दोन पाण्यांत तेवढीच पावडर टाकली, तरी एका ठिकाणी तिचा बहुतेक भाग कामाचा ठरतो आणि दुसऱ्या ठिकाणी दहावा हिस्सा.

उरलेला नव्वद टक्के भाग वाया जातो असे मात्र नाही. हायपोक्लोरस आम्ल खर्च होत गेले की हायपोक्लोराइट आयनांमधून नवे आम्ल तयार होत राहते, कारण दोघांत समतोल असतो. आयन हा एक प्रकारे शिल्लक साठा आहे. अडचण आहे ती वेगाची. एखाद्या क्षणी पाण्यात प्रत्यक्ष मारा करणारे आम्ल जेवढे असेल, त्यावर जंतू किती लवकर मरतील हे अवलंबून असते. म्हणून सामू जास्त असलेल्या पाण्याला क्लोरीनबरोबर जास्त वेळ द्यावा लागतो.

दख्खनच्या बेसाल्ट खडकातल्या विंधन विहिरींचे पाणी बहुधा 7.5 ते 8.5 सामूचे, बायकार्बोनेटयुक्त असते. असे पाणी जमिनीखालून वर येऊन टाकीत पडते तेव्हा त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो आणि सामू आणखी थोडा चढतो. नव्या सिमेंटच्या टाकीत तर काही आठवडे चुना सुटत राहतो. त्यामुळे बोअरच्या तोंडाशी मोजलेला सामू टाकीसाठी गृहीत धरू नये. नमुना टाकीतून, पावडर टाकल्यानंतर घ्यावा.

आता मोजमापाचा प्रश्न. गावोगावी जलसुरक्षक जी ओटी टेस्ट करतो, तिच्यातले ऑर्थोटोल्युडीनचे द्रावण स्वतः तीव्र आम्लधर्मी असते. नमुन्यात ते पडले की सगळा हायपोक्लोराइट आयन आम्लाच्या रूपात येतो आणि पाणी पिवळे होते. हा पिवळा रंग दोन्ही रूपांची बेरीज दाखवतो. टाकीत प्रत्यक्ष कोणते किती होते ते सांगत नाही. डीपीडीच्या गोळीने होणाऱ्या गुलाबी रंगाचेही तेच. रजिस्टरमध्ये ‘ओटी पॉझिटिव्ह’ एवढीच नोंद असेल तर 7 सामूचे आणि 8.5 सामूचे पाणी कागदावर सारखेच दिसते. म्हणून शिल्लक क्लोरीनच्या शेजारी सामूचा रकाना हवाच. त्यासाठी सामूची पट्टी पुरते.

जागतिक आरोग्य संघटनेचा सर्वसाधारण निकष असा, की सामू 8 च्या खाली असताना किमान 30 मिनिटांनंतर पाण्यात प्रति लिटर 0.5 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे. या वाक्यातली सामूची अट अनेकदा उद्धृत करताना गळते. सामू 7 असलेल्या पाण्यात 0.5 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन म्हणजे सुमारे 0.39 मिलिग्रॅम हायपोक्लोरस आम्ल. तेवढेच आम्ल 8.5 सामूला हवे असेल तर मुक्त क्लोरीन जवळपास 4 मिलिग्रॅम ठेवावे लागेल, आणि असे पाणी कुणी तोंडाला लावणार नाही. पावडर चौपट-आठपट करण्यात अर्थ नसतो तो यासाठी. 8 च्या वर सामू असेल तर टाकी भरल्यावर वाट पाहण्याचा काळ अर्ध्या तासावरून निदान एका तासावर न्यावा, शिल्लक क्लोरीन 0.5 च्या थोडे वर ठेवावे, आणि जमत असेल तर रात्री टाकी भरून पहाटे पाणी सोडावे. सामू उतरवण्यासाठी टाकीत आम्ल ओतण्याचा विचारही करू नये: आम्ल आणि टीसीएल एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पाणी गढूळ असेल तर सामूचा हा सगळा हिशेब बाजूला पडतो. मातीच्या कणाआड दडलेल्या जंतूपर्यंत आम्ल पोहोचत नाही. पावसाळ्यात आधी तुरटीने पाणी निवळावे, गाळावे आणि मगच क्लोरीन द्यावे.

पावडर वाढवली आणि क्लोरीन घटला

पाण्यात पडलेल्या क्लोरीनवर पहिला हक्क जंतूंचा नसतो. विरघळलेले लोह, मँगनीज, सल्फाइड आणि कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून आलेले पदार्थ आपापला वाटा आधी घेतात. याला पाण्याची क्लोरीनची मागणी म्हणतात. ती भागेपर्यंत कितीही वेळ थांबले तरी शिल्लक शून्यच येते. इथपर्यंतचा प्रकार सरळ आहे: मागणी भागवा, वर 0.5 मिलिग्रॅम ठेवा.

अमोनिया असेल तर हा सरळपणा राहत नाही. नाल्याचे सांडपाणी, गोठ्याचे मलमूत्र, शेतातला युरिया यांमुळे विहिरीत अमोनिया येतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर तो हमखास वाढतो. हायपोक्लोरस आम्ल अमोनियाला भेटले की क्लोरामाइन तयार होते. क्लोरामाइनलाही थोडी जंतुनाशक शक्ती असते, पण ती मुक्त क्लोरीनपेक्षा कितीतरी मंद. विषाणूंवर तर ती फारच अपुरी पडते. या बांधल्या गेलेल्या क्लोरीनला संयुक्त क्लोरीन म्हणतात. तोही ओटी पिवळी करतो, आणि फसगत इथेच होते.

पावडर वाढवत नेली तर काय घडते, ते क्रमाने पाहण्यासारखे आहे. अमोनियातल्या नायट्रोजनच्या वजनाच्या सुमारे पाचपट क्लोरीन पडेपर्यंत क्लोरामाइन वाढत जाते आणि शिल्लक क्लोरीनही वाढताना दिसतो. त्यापुढे टाकलेला क्लोरीन क्लोरामाइनवरच तुटून पडतो. अमोनियातला नायट्रोजन बहुतांशी वायूच्या रूपात निघून जातो, क्लोरीनचे साधे क्लोराइड होते, आणि पावडर वाढत असताना शिल्लक घटत जाते. सिद्धांताप्रमाणे नायट्रोजनच्या 7.6 पट, प्रत्यक्षात 8 ते 10 पट क्लोरीन पडला की घसरण थांबते. हाच ब्रेकपॉइंट. त्यानंतर टाकलेला प्रत्येक मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन म्हणून टिकतो. 1939 च्या सुमारास अमेरिकेत ए. ई. ग्रिफिन यांनी या पद्धतीवर लिहिले तेव्हा जलशुद्धीकरण केंद्रांना पाण्याच्या वासाच्या तक्रारींनी भंडावले होते. मात्रा कमी करण्याऐवजी वाढवल्यावर वास गेला, हे त्या काळी अनेकांना पटायला वेळ लागला असणार. आजही लागतो.

तीव्र वास येतो तो बहुधा मुक्त क्लोरीनचा नसतो. ब्रेकपॉइंटच्या अलीकडच्या उतारावर डायक्लोरामाइन आणि ट्रायक्लोरामाइन तयार होतात, आणि डोळ्यांना झोंबणारा, नाकात बसणारा वास त्यांचा असतो. सामू कमी असेल तर ते अधिक होतात. गावात ‘पाण्याला औषधाचा वास येतो’ अशी ओरड झाली की पावडर निम्मी केली जाते. वास जातो, पण पाणी उताराच्या अलीकडे, निव्वळ क्लोरामाइनच्या टप्प्यात जाऊन बसते.

पन्नास हजार लिटरच्या टाकीचा हिशेब

समजा गावाची टाकी 50,000 लिटरची आहे. पाणी ओढ्याकाठच्या विहिरीचे. पाण्यात नायट्रोजनच्या हिशेबाने प्रति लिटर 0.3 मिलिग्रॅम अमोनिया आहे आणि लोह व इतर पदार्थांची क्लोरीनची मागणी 0.4 मिलिग्रॅम. पावडर काही महिने पडून असल्याने तिच्यात 25 टक्के क्लोरीन उरला आहे. ताज्या चांगल्या पावडरीत तो 33 टक्क्यांच्या आसपास असतो. अशा टाकीत प्रति लिटर 1 मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा तर 50 ग्रॅम क्लोरीन लागतो, म्हणजे 200 ग्रॅम पावडर.

रोज 200 ग्रॅम टाकले तर 0.4 मिलिग्रॅम मागणीत जाऊन 0.6 शिल्लक दिसते. ओटी पॉझिटिव्ह येते आणि रजिस्टरमध्ये सगळे ठाकठीक. प्रत्यक्षात हा सगळा क्लोरीन संयुक्त आहे. गावात जुलाबाची साथ आली म्हणून मात्रा 380 ग्रॅमवर नेली की शिल्लक 1.5 पर्यंत चढते, आणि जलसुरक्षकाला वाटते, आता चिंता नाही. तरीही मुक्त क्लोरीन जवळजवळ शून्यच. पुढे 480 ग्रॅम टाकले तर शिल्लक वाढण्याऐवजी 0.8 च्या आसपास उतरते आणि पाण्याला उग्र वास येऊ लागतो. इथे साधारणपणे पावडरीवर संशय घेतला जातो, पोते बदलले जाते, किंवा ‘जास्त झाली’ म्हणून मात्रा पुन्हा खाली आणली जाते. खरे तर आणखी 100 ग्रॅम पुढे, 580 ग्रॅमला, शिल्लक 0.2 च्या आसपास तळ गाठते. तिथून वर 680 ग्रॅम टाकले की 0.5 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन हाती येतो आणि वासही ओसरतो.

म्हणजे 200 ग्रॅम आणि 680 ग्रॅम या दोन्ही मात्रांना ओटीचा पिवळा रंग जवळपास सारखाच असतो. 0.6 आणि 0.7. एक पाणी अर्धवट निर्जंतुक, दुसरे सुरक्षित.

या दोन पाण्यांतला फरक ओळखण्याची एक सोपी खूण ओटीमध्येच आहे. मुक्त क्लोरीन ऑर्थोटोल्युडीनशी तत्काळ रंग देतो. संयुक्त क्लोरीन सावकाश. थेंब टाकल्यावर दहा सेकंदांच्या आत रंग रंगपट्टीशी ताडून पाहावा आणि तीच नळी पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावी. आधी फिकट असलेला रंग नंतर गडद झाला असेल तर वाढलेला भाग संयुक्त क्लोरीनचा. उष्ण दिवसांत पाणी कोमट असेल तर क्लोरामाइनही घाई करते आणि पहिले मोजमाप वाढून येते, म्हणून नमुना थंड करून घ्यावा. डीपीडी संच असेल तर हा खटाटोप नको: पहिल्या गोळीने मुक्त आणि तिसऱ्या क्रमांकाच्या गोळीनंतर एकूण क्लोरीन कळतो. ऑर्थोटोल्युडीन कर्करोगकारक असल्याचा संशय आहे, त्यामुळे तसेही डीपीडीकडे वळलेले बरे. ओटी वापरायचीच असेल तर नळीचे तोंड बोटाने बंद करू नये आणि तपासलेले पाणी पिण्याच्या पाण्यापासून दूर टाकावे.

आपल्या पाण्याचा ब्रेकपॉइंट कुठे आहे हे कुठल्याही तक्त्यात सापडत नाही. तो शोधावा लागतो, आणि शोधायला अर्धा दिवस पुरतो. पावडरीत किती टक्के क्लोरीन आहे ते आधी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. ती 25 टक्के असेल तर 4 ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात घोटावी, चुना बसू द्यावा आणि वरचे निवळ द्रावण वेगळे काढावे. या द्रावणाचा 1 मिलिलिटर एक लिटर पाण्यात टाकला की मात्रा बरोबर 1 मिलिग्रॅम होते. एकेका लिटरच्या आठ स्वच्छ बाटल्यांत विहिरीचे पाणी भरून त्यांत अनुक्रमे अर्ध्या मिलिलिटरपासून चार मिलिलिटरपर्यंत, अर्ध्या-अर्ध्याच्या पायरीने, सिरिंजने द्रावण सोडावे. बाटल्या हलवून, झाकण लावून सावलीत ठेवाव्यात, कारण उन्हात क्लोरीन उडून जातो. क्लोरामाइन मोडायला वेळ लागतो, म्हणून अर्ध्या तासावर न थांबता तास-दीड तासाने प्रत्येक बाटलीतला मुक्त व एकूण क्लोरीन मोजावा. आकडे ओळीने मांडले की चढ, उतार आणि पुन्हा चढ डोळ्यांसमोर येतो. दुसऱ्या चढावर ज्या बाटलीत मुक्त क्लोरीन 0.5 दिसेल, ती मात्रा टाकीसाठी घ्यावी. एकही उतार दिसला नाही आणि मुक्त व एकूण क्लोरीन जवळपास सारखेच वाढत गेले, तर पाण्यात लक्षात घेण्याजोगा अमोनिया नाही. अशा पाण्याला ब्रेकपॉइंटची काळजी नको. मात्र मुक्त क्लोरीन शून्याजवळ राहून एकूण क्लोरीनच वाढत असेल, तर उतार चार मिलिग्रॅमच्याही पुढे आहे. मालिका आणखी वर न्यावी.

सामू इथेही आड येतो. क्लोरामाइन मोडण्याची क्रिया 7 ते 8 सामूच्या दरम्यान सर्वांत वेगाने होते. त्यापेक्षा वर ती रेंगाळते. 8.5 सामूच्या पाण्यात तासाभरात उतार पूर्ण दिसला नाही तर बाटल्या आणखी तासभर ठेवाव्यात. टाकीत हे अर्धवट राहिले तर उरलेली क्रिया नळाच्या पाइपात चालू राहते: टाकीजवळच्या नळाला क्लोरीन चांगला लागतो आणि शेवटच्या नळाला काहीच मिळत नाही. शेवटच्या नळाला मुक्त क्लोरीन किमान 0.2 मिलिग्रॅम असावा, असे भारतीय मानक सांगते. टाकीपासून तिथवर घट नेहमीपेक्षा अचानक वाढली, तर एक शक्यता गळक्या पाइपातून घाण शिरल्याची असते आणि दुसरी ही क्रिया टाकीत अर्धवट राहिल्याची.

सापडलेली मात्रा वर्षभर चालत नाही. उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर एकदा आणि पावसाळ्यात ओढा वाहू लागल्यावर एकदा बाटल्यांची तपासणी करावी. पावडरीची पोती ओलाव्यापासून दूर, बंद डब्यात ठेवावीत. उघड्या पोत्यातला क्लोरीन महिन्यागणिक उडत जातो आणि 680 ग्रॅमचे 800 कधी झाले ते कळत नाही. कोरडी पावडर थेट टाकीत किंवा विहिरीत कधीच फेकू नये. पातळ लगदा करावा, मग पाणी घालून ढवळावा, दहा-पंधरा मिनिटांनी वरचे निवळ पाणी टाकी भरत असताना तिच्यात सोडावे आणि तळाचा चुना बाहेर टाकावा.

अमोनिया फार असेल तर मात्र ब्रेकपॉइंटचा मार्ग सोडून द्यावा. लिटरमागे 2 मिलिग्रॅम नायट्रोजन असेल तर 16 ते 20 मिलिग्रॅम क्लोरीन लागेल, म्हणजे याच टाकीला रोज तीन ते चार किलो पावडर. एवढ्या क्लोरीनची सेंद्रिय पदार्थांशी क्रिया होऊन ट्रायहॅलोमिथेनसारखी नको असलेली संयुगेही वाढतात. काही देशांत मुद्दाम ठरावीक अमोनिया मिसळून क्लोरामाइनचेच पाणी पुरवतात, पण तिथे मुख्य निर्जंतुकीकरण आधीच दुसऱ्या मार्गाने झालेले असते, आणि प्रमाण तासातासाला मोजले जाते. भारतीय मानकातली अमोनियाची मर्यादाच 0.5 मिलिग्रॅम आहे. त्याच्या कितीतरी वर गेलेली विहीर म्हणजे सांडपाणी कुठूनतरी आत येत असल्याचा पुरावा. तिथे आधी शौचालयाचा खड्डा, गोठा आणि नाला विहिरीपासून किती दूर आहेत हे पाहावे, कठड्याभोवतीचा ओटा दुरुस्त करावा, आणि तोवर पिण्यासाठी दुसरा स्रोत वापरावा.